भरलेल्या ट्रकपुढची मोकळी जागा

बाळा,

तू आता बाईक घेऊन हायवेला जायला लागलास, म्हणून लिहितोय. माझ्या ट्रकपुढे मोकळी जागा दिसली की लोक तिथे घुसतात. ती जागा मी थांबण्यासाठी राखलेली असते रे.

ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, की तेवढे मीटर संपले. तुझा ब्रेक दाबताच लागतो, माझा हवेवर चालतो. हवा पाइपातून मागच्या चाकांपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो, त्यात आणखी 8 मीटर. मग कुठे 25-30 टनांचं वजन आवरायला सुरुवात होते आणि कोरड्या रस्त्यावरही त्याला अजून 30 मीटर तरी लागतात. झाले 55. उतारावर ब्रेकचे ड्रम तापून जळका वास येऊ लागला, की हा हिशोबही कोलमडतो. पेडल दाबलेलं असतं, पण पकड येत नाही.

म्हणून ओव्हरटेक करून लगेच माझ्यासारख्याच्या पुढे येऊ नकोस. आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट दिसले, तरी आणखी थोडं पुढे जा, मग वळ. आणि वळल्यावर ब्रेक मारू नकोस.

तुझे बाबा