श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले, तर आपला वाटा आरोप न करता कसा मांडावा

समजा, नागपूरजवळ वाडीच्या एका गोदामात तुम्ही काम करता. माल उतरवण्यासाठी गाड्या तासन्‌तास का खोळंबतात हे शोधण्यासाठी तुम्ही गेटवरच्या रजिस्टरमधून सहा आठवड्यांच्या २४० गाड्यांच्या नोंदी काढल्या, त्यांचा तासवार तक्ता केला आणि बहुतेक गाड्या ११ ते २ या वेळेतच येतात हे दाखवून दिले. सोमवारच्या बैठकीत तुमच्या सहकाऱ्याने तोच तक्ता पडद्यावर मांडला, आणि साहेबांनी "तुम्ही छान काम केलंत" असे त्यालाच म्हटले.

त्याच दिवशी कोणालाही काही लिहून पाठवू नका, पण संध्याकाळी एका कागदावर दोन रकाने आखा. एकात तुम्ही केलेली कामे लिहा आणि दुसऱ्यात सहकाऱ्याने केलेली. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पुन्हा आठवून पाहा. वाहतूकदारांशी बोलणी त्याने केली असतील, सादरीकरणही त्यानेच तयार केले असेल. हा रकाना प्रामाणिकपणे भरला की पुढचे सगळे लिखाण विश्वासार्ह होते. तक्ता गूगल शीट्समध्ये असेल, तर File > Version history > See version history येथे कोणत्या दिवशी कोणी काय भरले ते दिसते. ते स्वतःच्या तारखा पक्क्या करण्यासाठी पाहा, कोणाला पुरावा म्हणून पाठवण्यासाठी नव्हे. फाइल एकाच सामाईक खात्यावरून भरली जात असेल, तर या इतिहासावरून माणूस कळत नाही. अशा वेळी रजिस्टरची पाने तुम्ही कधी मागितली होती, तो निरोप शोधा.

साहेबांना लिहिण्याआधी सहकाऱ्याशी एकट्यात बोला. "भाऊ, सोमवारचं सादरीकरण चांगलं झालं. नोंदी आणि तक्ता माझ्याकडून होता, ते सरांपर्यंत पोचलं नसावं असं वाटतं. मी त्यांना तक्त्याबद्दल लिहिणार आहे, त्यात तुमच्या बोलणीचाही उल्लेख करतो." एवढे पुरे. "आपण सगळ्यांनीच तर केलं" असे उत्तर आले, तर वाद न घालता "हो, म्हणूनच कोणी कोणता भाग केला ते लिहून ठेवतो" असे म्हणावे. अनेकदा बोलण्याच्या ओघात नाव राहून गेलेले असते आणि सहकारी स्वतःच साहेबांना सांगतो. मग पुढचा निरोप छोटा करता येतो.

आता निरोपाची भाषा. कार्यालयीन मराठीत आपण सवयीने "तक्ता तयार करण्यात आला" असे लिहितो आणि त्या कर्मणी रचनेत करणारा माणूसच नाहीसा होतो. उलट टोकाला "तक्ता मीच केला" हे वाक्य आहे. त्यातल्या एका 'च'मुळे "दुसऱ्याने नाही" हा आरोप न उच्चारताही ऐकू येतो. 'खरे तर', 'प्रत्यक्षात', 'मुळात' हे शब्दही तेच करतात. "नोंदी मी काढल्या" हे साधे कर्त्यासहित वाक्य मधला रस्ता आहे, आणि ते पुढच्या कामाच्या संदर्भात आले की तक्रार वाटत नाही:

"सर, सोमवारी ठरलेल्या वेळापत्रकाबाबत लिहीत आहे. गेटच्या रजिस्टरमधून २४० गाड्यांच्या नोंदी मी काढल्या आणि त्यावरून तासवार तक्ता तयार केला. वाहतूकदारांशी बोलणी आणि सादरीकरण सहकाऱ्यांनी केले. या नोंदी एप्रिल-मे महिन्यांतील असल्याने पावसाळ्यात गाड्यांच्या वेळा बदलल्यास तक्ता पुन्हा तपासावा लागेल. जुलैच्या नोंदी घेऊन ते काम मी करून देईन. मूळ तक्ता सोबत जोडला आहे."

प्रत्यक्ष निरोपात 'सहकाऱ्यांनी' ऐवजी त्यांचे नाव लिहा. या निरोपाचे बळ माझ्या मते चौथ्या वाक्यात आहे, कारण तक्त्याची मर्यादा ज्याने नोंदी हाताळल्या त्यालाच नेमकी ठाऊक असते. निरोप साहेबांना पाठवावा आणि प्रत फक्त त्या सहकाऱ्याला द्यावी. बैठकीतल्या सगळ्यांना प्रती गेल्या की ती जाहीर दुरुस्ती ठरते आणि सहकाऱ्याला स्वतःचा बचाव करणे भाग पडते.

उत्तरात "आपसात मिटवा" असे आले, तर निरोप तक्रारीसारखा वाचला गेला असे समजावे. पुन्हा स्पष्टीकरण न देता जुलैच्या नोंदींचे काम वेळेत पोचवावे. तक्त्याबद्दलचा पुढचा प्रश्न थेट तुमच्याकडे आला, तर निरोप योग्य रीतीने पोचला आहे. तो प्रश्न सहकाऱ्याकडे जाऊन त्याने तुमच्याकडे वळवला, तर उत्तर त्याच धाग्यात साहेबांसह दोघांना द्यावे.

वर्षअखेरीच्या स्वयंमूल्यमापनातही "नोंदी मी काढल्या" हेच वाक्य, गाड्यांच्या त्याच संख्येसह, लिहावे. मात्र तोच सहकारी ठरवून तीनचार वेळा असे करत असेल, तर या पद्धतीने भागणार नाही. तेव्हा तारखांनिशी साहेबांशी समोरासमोर बोलावे लागते.