सिंकच्या जाळीखालून गळणारे पाणी: माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या घरी सिंकमध्ये पाणी साठवले की सिंकचे तोंड पाइपाला जोडणाऱ्या वेस्ट कपलिंगखाली थेंब जमत, मात्र जाळी उघडी ठेवून नळ वाहता ठेवल्यास पाइपाचे सांधे कोरडे राहत. म्हणजे दोष कपलिंगच्या बैठकीत होता. बाहेरून दोनदा लांबी भरूनही गळती थांबेना, याचा फार वैताग आला.

नट उघडल्यावर दिसले की रबरी वॉशर प्लास्टिकच्या वॉशरखाली बसवल्यामुळे नटाबरोबर पिळला गेला होता. जुना चिकटा खरवडून कडा कोरडी केली, वरच्या कडेखाली सिलिकॉनचे अखंड वेटोळे दिले, खालून आधी रबरी, मग प्लास्टिकचा वॉशर चढवून नट आवळला आणि चोवीस तासांनी सिंक भरून खाली कागद धरला. तो कोरडा राहिला.

सिंकच बदलून दुहेरी घेणे मी नाकारले, कारण त्यात स्वयंपाकाचा मोठा गंज मावत नाही आणि कपलिंगही दोन लागतात. निथळणीची बाजू असलेले एकेरीच ठेवले.