मिसळलेले बल्ब आणि माझा चुकलेला व्हेरियन्स

मिश्र वितरणाचं पहिलंच गणित मी चुकवलं. सूत्र विसरले होते असंही नाही. सूत्र अगदी बरोबर लिहिलं होतं, फक्त ते दुसऱ्याच गणिताचं होतं. संख्याशास्त्र नुकतंच सुरू केलेल्या बऱ्याच जणांचा पाय इथेच घसरतो, म्हणून ते गणित जसंच्या तसं मांडते.

एका गोदामात दोन पुरवठादारांचे बल्ब एकत्र मिसळलेत. ६० टक्के बल्ब ‘अ’चे आहेत. ते सरासरी १००० तास चालतात आणि त्यांचं प्रमाण विचलन १०० तास आहे. उरलेले ४० टक्के ‘ब’चे, सरासरी १५०० तास आणि प्रमाण विचलन १५० तास. डोळे मिटून एक बल्ब उचलला, तर त्याच्या आयुष्याची सरासरी किती आणि व्हेरियन्स किती?

सरासरी सोपी आहे: ०.६ × १००० + ०.४ × १५०० = १२०० तास. त्याच झोकात मी पुढे लिहिलं, की बल्बचं आयुष्य म्हणजे ०.६ अ + ०.४ ब. मग सहगुणकांचे वर्ग करून व्हेरियन्स काढला: ०.३६ × १०,००० + ०.१६ × २२,५०० = ७२००. प्रमाण विचलन सुमारे ८५ तास.

सरांनी वही पाहिली, ८५ भोवती गोल केला आणि विचारलं, “अ चे बल्ब किती पसरलेत?”

“शंभर.”

“आणि ब चे?”

“दीडशे.”

“मग दोन्ही ढीग एकत्र ओतल्यावर सगळे ८५ मध्ये मावले कसे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो प्रश्न मी आजही प्रत्येक उत्तराला विचारते. मिश्रणाचा व्हेरियन्स त्यातल्या सर्वांत लहान व्हेरियन्सपेक्षा कमी येऊच शकत नाही. तसा आला, तर आकडेमोड तपासत बसू नका, मांडणीच चुकली आहे.

चूक अशी होती. ०.६ अ + ०.४ ब म्हणजे दोन्हीकडचा एकेक बल्ब घ्यायचा, दोघांचं आयुष्य मोजायचं आणि त्यांची भारित सरासरी काढायची. असा प्रत्येक आकडा १२०० च्या आसपासच येणार. पण गोदामातून उचललेला बल्ब साठ टक्के अ आणि चाळीस टक्के ब नसतो. तो पूर्णच्या पूर्ण अ असतो, नाहीतर पूर्णच्या पूर्ण ब. मिसळतात ते बल्ब, त्यांची आयुष्यं नव्हे. गंमत म्हणजे सरासरी दोन्ही मांडणींत १२००च येते, त्यामुळे तिथे संशय येत नाही. चूक उघडी पडते ती व्हेरियन्समध्ये.

आता बरोबर रीत. उचललेल्या बल्बचं आयुष्य आधी सांगता येत नाही, याची कारणं दोन. एक, कुठल्याही एका पुरवठादाराचे बल्बसुद्धा आपापसात सारखे नसतात. दोन, बल्ब कोणाचा हेच माहीत नसतं. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा करायचा आणि मग बेरीज.

आतला फरक: ०.६ × १०,००० + ०.४ × २२,५०० = १५,०००. इथे सहगुणकांचे वर्ग करायचे नाहीत, कारण ही व्हेरियन्सची साधी भारित सरासरी आहे.

मधला फरक: अ ची सरासरी १२०० पासून २०० ने खाली, ब ची ३०० ने वर. म्हणून ०.६ × ४०,००० + ०.४ × ९०,००० = ६०,०००. गट दोनच असतील तर हेच एका फटक्यात निघतं: ०.६ × ०.४ × ५०० चा वर्ग.

एकूण ७५,०००. प्रमाण विचलन सुमारे २७४ तास. माझ्या ८५ च्या तिपटीहून जास्त! आणि त्या ७५,००० पैकी ६०,००० नुसते बल्ब कोणाचा या प्रश्नातून आलेत.

पुष्कळ जण पहिली पायरी बरोबर करतात आणि १५,००० वरच थांबतात. ही चूक जास्त फसवी, कारण सरांच्या प्रश्नातून ती सुटते: १५,००० चं मूळ १२२ येतं, म्हणजे १०० आणि १५० च्या मधलं, दिसायला शहाणं. ती पकडायला मी मनातल्या मनात ब ची सरासरी १५०० ची ५००० करते. ढीग एकमेकांपासून इतके लांब गेले तरी उत्तर हललं नाही, तर मधला फरक राहून गेला आहे.

खात्रीसाठी वर्गांचा रस्ता आहेच. प्रत्येक गटाच्या वर्गांची सरासरी म्हणजे व्हेरियन्स अधिक सरासरीचा वर्ग: अ साठी १०,१०,०००, ब साठी २२,७२,५००. भारित सरासरी १५,१५,०००. त्यातून १२०० चा वर्ग, १४,४०,०००, वजा केला की पुन्हा ७५,०००. नाहीतर संगणकावर लाखभर बल्ब उचलून पाहा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n = 100000
is_a = rng.random(n) < 0.6
x = np.where(is_a, rng.normal(1000, 100, n),
                   rng.normal(1500, 150, n))
print(x.mean(), x.var())
```

आकडे १२०० आणि ७५,००० च्या जवळपास येतील. `is_a` ही ओळ नीट पाहा. प्रत्येक बल्बसाठी आधी पुरवठादार ठरतो, मग आयुष्य. माझ्या वहीत नेमकी हीच ओळ नव्हती. आणि `x` चा हिस्टोग्राम काढाच, कारण त्यात दोन टेकड्या दिसतात. सरासरी १२०० आणि विचलन २७४ आहे म्हणून त्यावर एकच घंटेसारखा वक्र बसवला, तर ८०० तासांच्या आत जाणारे बल्ब ७ टक्क्यांच्या आसपास निघतात. दोन्ही गट प्रसामान्य धरले तर खरा आकडा दीड टक्काही नाही. सरासरी आणि विचलन दोन्ही बरोबर असूनही आकाराबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

पुढे चाचणीच्या कामात लागल्यावर याच गणिताने आणखी एकदा गाठलं. २० बल्बांच्या खोक्याची सरासरी किती हलेल, असा प्रश्न होता. मी सवयीने ७५,००० ला २० ने भागलं: ३७५०, म्हणजे विचलन सुमारे ६१ तास. प्रत्यक्षातल्या खोक्यांच्या सरासऱ्या मात्र कधी हजाराजवळ, कधी दीड हजाराजवळ. खोकी उघडून पाहिली तेव्हा कळलं, की बल्ब मिसळलेच नव्हते, खोकी मिसळली होती. एका खोक्यात सगळे बल्ब एकाच पुरवठादाराचे.

अशा वेळी २० ने भागला जातो तो फक्त आतला फरक: १५,००० ÷ २० = ७५०. मधले ६०,००० जसेच्या तसे उरतात, कारण त्या खोक्यापुरता पुरवठादार एकदाच ठरलेला असतो. एकूण ६०,७५०, विचलन सुमारे २४६ तास. खोक्यात २० ऐवजी २००० बल्ब भरले, तरी ते सुमारे २४५ वरच अडतं. म्हणून हल्ली गणिताला हात लावण्याआधी मी एवढंच विचारते: पुरवठादार बल्बागणिक बदलतो, की खोक्यागणिक?