लग्नाच्या फोटोग्राफरचं पॅकेज: आधी आपलं वेळापत्रक मांडा

दोन कोटेशनं आली की आपण नुसता एकूण आकडा बघतो. त्याऐवजी आधी आपल्या कार्याचे तास लिहून काढा. उदाहरणार्थ, आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन ६ ते १०, लग्नाच्या दिवशी सकाळी ७ ला हळद आणि ५ ला पाठवणी. म्हणजे दोन दिवस, ४ आणि १० तास.

आता समजा, पहिला फोटोग्राफर ७०,००० सांगतो: एक दिवस, ८ तास, ३० शीटचा अल्बम. जादा दिवसाचे १५,०००, जादा तासाचे ३,०००. आपला एक दिवस आणि दोन तास वाढतात, म्हणजे ९१,००० झाले. दुसरा ९५,००० मागतो, पण दोन्ही दिवस पूर्ण आणि अल्बम ४० शीटचा. पहिल्याकडे जादा शीट ५०० ला असेल, तर १० शीटचे ५,००० धरून तो ९६,००० वर जातो. स्वस्त वाटलेलाच महाग पडला.

तास कधीपासून मोजणार हे जरूर विचारा. मुहूर्त लांबला तर मीटर चालूच राहतं.

फोटोंच्या आकड्यात फसगत जास्त होते. '२,००० फोटो' म्हणजे बहुधा काढलेले सगळे. एडिट केलेले किती, ते वेगळं लिहून घ्या. अल्बमसाठी फोटो कोण निवडणार, किती वेळा बदल फुकट, हेही त्याच कागदावर. एक शीट म्हणजे साधारण समोरासमोरची दोन पानं. काहीजण पानं मोजून सांगतात, तेव्हा ४० पानं म्हणजे २० शीटच.