मच्छरदाणी घेताना एका इंचातली भोकं मोजा

आमच्या पंचवटीत नदीजवळ डास भरपूर, म्हणून मागच्या मे मध्ये कॉटनची मच्छरदाणी आणली तर पंखा फुल असूनही आत वाराच येईना. सुताचा धागा जाड नि केसाळ असतो ना, त्यामुळे भोकं तेवढीच असली तरी मोकळी जागा कमी राहते, पॉलिस्टरचा धागा बारीक म्हणून वारा खेळतो. दुकानातच जाळीवर पट्टी ठेवून एक इंच आडवी नि एक इंच उभी भोकं मोजा, 12 गुणिले 13 म्हणजे 156 आली की डासांना पुरे, त्याहून दाट घेतली तर वारा उगाच अडतो. औषधवाली असेल तर भोकं थोडी मोठीही चालतात, पण धुवून धुवून औषध उतरलं की त्याच भोकांतून डास आत येतात.