रिपोर्टमधला क्रायटेरिया एक की अनेक? शोधायचं कसं, सुधारायचं कसं

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात भाचीने एमएससीचा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे पाठवला. विषय खाजनातल्या मानशीजवळ, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजापाशी, मिळणारे सुंगटांचे लार्वे. "मामा, तू फक्त स्पेलिंग बघ हां." स्पेलिंग सगळं बरोबर होतं, लाल रेघ कुठेच नव्हती, आणि तरी पहिल्याच पानावर तीन चुका, कारण क्रायटेरिया, फेनोमेना हे शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात, चुकतं ते त्यांच्या सोबतचं क्रियापद, आणि तिथे मशीनवर भरवसा ठेवता येत नाही.

आपण हे का चुकतो तर आपला कान. आंबा, घोडा, मासा, म्हणजे शेवटी आ आला की आपल्याला एकवचन वाटतं, त्यामुळे डेटा "आला" आणि क्रायटेरिया "ठरला". ग्रीक-लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी शब्दांचं उलटं आहे, त्यांच्यात शेवटचा आ हा अनेकवचनाचा. ग्रीकमधून आलेले क्रायटेरियन, फेनोमेनन, त्यांचे अनेक क्रायटेरिया, फेनोमेना. लॅटिनमधला बॅक्टेरियम, त्याचे बॅक्टेरिया. लार्वा मात्र स्त्रीलिंगी, म्हणून तो एकच, आणि अनेक झाले की लार्वी.

आता काम. रिपोर्ट वाचत बसू नका, वाचताना डोळा अर्थाकडे पळतो. Ctrl+F दाबा आणि हे शब्द एकेक करून शोधा:

```
criteria
phenomena
bacteria
larvae
analyses
hypotheses
data
```

शब्द सापडला की त्याच्या पुढचं क्रियापद कुठे आहे ते बोटाने शोधा, बऱ्याचदा ते लांब असतं. भाचीचं वाक्य होतं, द क्रायटेरिया यूज्ड फॉर सिलेक्टिंग द थ्री स्टेशन्स वॉज सॅलिनिटी. क्रायटेरिया आणि वॉज यांच्यात सहा शब्द, म्हणून नुसतं "criteria was" शोधलं असतं तर हे सुटलं असतं.

सुधारायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, निकष खरोखर किती होते? मी फोन लावला. ती म्हणाली, फक्त खारटपणा बघितला. म्हणजे इथे वॉज बरोबर आणि शब्दच चुकीचा, क्रायटेरियन हवा. दोन पानांनंतर परत तीच रचना, पण तिथे खारटपणा आणि मानशीपासूनचं अंतर असे दोन निकष, म्हणून तिथे शब्द तसाच ठेवून वॉजचं वेअर केलं. चूक दिसायला सारखी, उपाय उलटा, आणि कुठला लावायचा हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं, ज्याने काम केलं त्यालाच माहीत.

क्रियापदाबरोबर मागचा शब्दही बघा. धिस फेनोमेना असं लिहिलेलं होतं. तिने बघितलेली गोष्ट एकच, मानस उघडली की लार्वे वाढतात, म्हणून धिस फेनोमेनन. मात्र "वन ऑफ द क्रायटेरिया वॉज" दिसलं तर हात लावू नका, तिथे वॉज हे वनचं आहे (मी एकदा घाईत बदललं होतं आणि मग परत फिरवलं).

अॅनालिसिस, हायपोथेसिस, यांचा शेवटचा सिस अनेकवचनात "सीज" होतो. बोलताना नीट ऐकू येतं, लिहिताना एका अक्षराचा फरक, i च्या जागी e. analyses तर जास्तच फसवं, कारण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये "तो विश्लेषण करतो" यालाही तेच स्पेलिंग आहे, उच्चार फक्त वेगळा, अॅनलाइझेस. म्हणून analysis सुद्धा वेगळं शोधा आणि मागे टू, थ्री, ऑल, दीज असं काही आहे का बघा. "टू सेपरेट अॅनालिसिस" तिच्या रिपोर्टात चार ठिकाणी होतं!

राहिला डेटा. इथे भांडण जुनं आहे. एपीए स्टाइल अनेकवचन मागते, डेटा वेअर. रोजच्या इंग्रजीत डेटा वॉज सर्रास चालतं आणि ते चूक म्हणायला मी तरी तयार नाही. आधी गाइडला किंवा जर्नलच्या सूचनांना विचारा, मग एकच पकडा आणि सगळीकडे तेच. दीज डेटा लिहिलंत तर पुढे मच डेटा नको, मेनी हवं. डेटा अॅनालिसिस, डेटा शीट असल्या जोड्या सोडून द्या, तिथे प्रश्नच येत नाही. एका आकड्याला डेटम म्हणायचं जिवावर येत असेल तर डेटा पॉइंट लिहा. आणि खोली मोजताना चार्ट डेटम आला असेल तर तो वेगळा प्राणी, त्याचं अनेकवचन सर्वेवाले डेटम्स करतात, डेटा नाही.

शेवटी टेबलांची शीर्षकं आणि आकृत्यांखालच्या ओळी बघा. त्या बहुतेक घाईत, रात्री लिहिलेल्या असतात. भाचीच्या तिसऱ्या आकृतीखाली लार्वी वॉज होतं, आणि फोटोत लार्वा खरोखरच एकटा.