दोन उपकरणांना एकच घड्याळ: क्लिक घालवण्याची तयारी

यूएसबी ऑडिओ इंटरफेसला आठ चॅनलांचा माइक प्रीअँप ऑप्टिकल ADAT केबलने जोडल्यावर ठरावीक अंतराने क्लिक येऊ लागले, तर सर्वप्रथम ते क्लिक घड्याळांच्या विसंगतीचेच आहेत, याची खात्री करून घ्यावी. बफर अपुरा पडल्याने येणारे क्लिक संगणकावरील ताणाबरोबर वाढतात आणि सर्वच चॅनलांवर उमटतात; घड्याळांच्या विसंगतीचे क्लिक मात्र संगणक निवांत असतानाही येत राहतात आणि बहुधा केवळ प्रीअँपकडून येणाऱ्या चॅनलांवरच ऐकू येतात. दोन्ही उपकरणे 48 kHz वर असली, तरी त्यांच्या क्रिस्टलांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असल्यास दर सेकंदाला जवळपास अर्ध्या सँपलची तफावत पडते, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी एक सँपल गळतो किंवा दुसऱ्यांदा वाचला जातो. दोन्हीकडे आकडा सारखा दिसतो, म्हणून घड्याळही एकच आहे, असे मानू नये.

यानंतर मास्टर कोणते, हे ठरवावे, आणि हा निर्णय केबल पाहूनच घ्यावा. प्रीअँपकडून इंटरफेसकडे एकच ऑप्टिकल केबल जात असेल, तर घड्याळही आवाजासोबत त्याच दिशेने जाते. अशा वेळी प्रीअँप Internal वर ठेवून इंटरफेसचा क्लॉक सोर्स ADAT करावा. इंटरफेसलाच मास्टर करायचे असल्यास त्याच्या वर्ड क्लॉक आउटपासून प्रीअँपच्या वर्ड क्लॉक इनपर्यंत स्वतंत्र बीएनसी केबल टाकावी आणि प्रीअँप Word Clock वर न्यावा. ही केबल 75 ओहमचीच असावी; दिसायला तशीच असणारी 50 ओहमची केबल चालून जाते, पण भरवशाची नसते. घेणाऱ्या टोकाला टर्मिनेशनचा स्विच असेल, तर तो चालू करावा. वेगळे महागडे क्लॉक विकत घेण्याची या जोडणीसाठी, माझ्या मते, मुळीच गरज नाही.

घड्याळ बदलण्यापूर्वी स्पीकर म्यूट करावेत, कारण लॉक सुटताना जोराचा आवाज येऊ शकतो. सँपल रेट दोन्ही उपकरणांवर आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एकच असल्याचे पाहावे; 44.1 kHz चा जुना प्रकल्प उघडताच सॉफ्टवेअर इंटरफेसचा रेट बदलू पाहते आणि मास्टर 48 वरच राहिल्यास जुळणी पुन्हा बिघडते. 96 kHz वर एका ऑप्टिकल केबलमधून आठऐवजी चारच चॅनल जातात, हेही आधीच विचारात घ्यावे.

लॉकचा दिवा स्थिर असणे पुरेसे नाही, कारण येणारा सिग्नल वाचता येतो, एवढेच तो काही उपकरणांत सांगतो; इंटरफेस Internal वर राहिला, तरी तो दिवा लागू शकतो. म्हणून प्रीअँपच्या एका लाइन इनपुटला 1 kHz चा शुद्ध स्वर द्यावा, दहा मिनिटे रेकॉर्ड करावे आणि हेडफोनवर ऐकावे, कारण अशा स्वरात एका सँपलची गळतीही लपत नाही. क्लिक उरलाच, तर तरंग मोठा करून खंड किती अंतराने पडतो ते मोजावे: अंतर समान असेल, तर कुठेतरी दुसरे उपकरण अजूनही Internal वर आहे, आणि अनियमित असेल, तर केबल किंवा बफर तपासावा.